लिंक बरोबर, नाव भलतेच

ऑनलाइन बैठक सुरू होऊन पाच-सात मिनिटे झाली, की गटावर ठरलेला संदेश येऊन पडतो : ‘सर, लिंक उघडत नाहीये.’ त्यावर संयोजकाचे उत्तरही ठरलेले : ‘लिंक बरोबर आहे मॅडम, बाकीचे सगळे आलेत.’ दोघेही खरे बोलत असतात. लिंक बरोबर असते, मॅडमना बैठकीचे रीतसर निमंत्रणही असते, आणि तरी दार उघडत नाही. मग कोणी इंटरनेटला दोष देतो, कोणी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडायला सांगतो आणि एखादा तरुण सहकारी ‘यांना काही जमत नाही’ असा चेहरा करून बसतो. आमची तक्रार या चेहऱ्याबद्दल आहे. बहुतेक वेळा मॅडमचे काहीच चुकलेले नसते. ब्राउझरने त्यांना न विचारता त्यांचे दुसरेच नाव पुढे केलेले असते.

गुगल मीटचे उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडच्या शाळा-महाविद्यालयांत ते फार वापरले जाते. समजा, एका महाविद्यालयाच्या अभ्यास मंडळाची बैठक आहे. महाविद्यालयाने प्रत्येक प्राध्यापकाला संस्थेच्या नावाचा ई-मेल पत्ता दिलेला आहे आणि बैठक त्या खात्यातूनच तयार केलेली आहे. मॅडम घरच्या लॅपटॉपवर बसल्या आहेत. त्या लॅपटॉपच्या क्रोममध्ये त्यांचे स्वतःचे जीमेल कित्येक वर्षांपासून उघडे आहे. विजेचे बिल, बँकेची पत्रे, मुलीच्या शाळेचे निरोप, सगळे त्यातच येते. संस्थेचे खाते नंतर आले, तेही त्यांनी त्याच क्रोममध्ये जोडून ठेवले. बैठकीची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर आली, त्यांनी ती दाबली, कॅमेऱ्यात स्वतःचा चेहरा दिसला आणि शेजारी बटण आले : `Ask to join`. त्यांनी ते दाबले. तिकडे प्राचार्यांच्या पडद्यावर घरगुती टोपणनावाने आणि गणपतीच्या फोटोने एक विनंती आली. हे कोण, असे म्हणून त्यांनी ती नाकारली. मॅडमनी पुन्हा विनंती पाठवली, प्राचार्यांनी पुन्हा नाकारली. असे वारंवार झाले, तर मीट पुढच्या विनंत्या आपणहून थांबवते. म्हणजे जितका आग्रह धरावा, तितके दार अधिक घट्ट.

हे का होते, ते समजायला ब्राउझरच्या आत थोडे डोकावावे लागते. आपण एखाद्या संकेतस्थळावर नाव आणि पासवर्ड टाकून आत गेलो, की ते संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये एक छोटी खूण ठेवते. तिला कुकी म्हणतात. पुढच्या वेळी ब्राउझर ती खूण आपोआप दाखवतो, म्हणून रोज पासवर्ड टाकावा लागत नाही. ब्राउझरच्या सगळ्या नेहमीच्या टॅबांमध्ये आणि खिडक्यांमध्ये ही खूण सामाईक असते. नवा टॅब उघडला म्हणून माणूस बदलत नाही. एकाच ब्राउझरमध्ये गुगलची दोन खाती जोडली, तर गुगल त्यांना क्रमांक देते आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. आधी आलेले खाते शून्य, त्यानंतरचे एक. जीमेल उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत पाहा, `/u/0/` किंवा `/u/1/` असे दिसेल. तोच हा क्रमांक. ज्या लिंकमध्ये खात्याचा काही उल्लेखच नाही, ती लिंक बहुधा शून्य क्रमांकाच्या, म्हणजे आधी आलेल्या खात्याने उघडते. सोसायटीच्या फाटकावर रखवालदाराने गाडीत पुढे बसलेल्याचेच नाव वहीत लिहावे आणि मागच्या सीटवरच्या निमंत्रिताला विचारूही नये, तसा हा कारभार.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मीटच्या लिंकमध्ये असतात फक्त तीन, चार आणि तीन अक्षरांचे गट. कोणाची बैठक, कोणत्या संस्थेची, कोणत्या खात्याने यायचे, यातले काहीच त्या अक्षरांत नसते. त्यामुळे बैठकीला संस्थेचे खाते हवे आहे, हे लिंक पाहून कोणालाच कळण्यासारखे नाही. आणि म्हणूनच ‘काल तर चालले होते’ ही तक्रारही खरी असते. काल मॅडमनी संस्थेच्या खात्याच्या कॅलेंडरमधून बैठक उघडली होती. कॅलेंडर त्या लिंकच्या शेपटीला खात्याची खूण जोडते, त्यामुळे मीटने योग्य नाव घेतले. आज तीच बैठक व्हॉट्सअ‍ॅपवरून उघडली, शेपूट नव्हते, म्हणून घरचे खाते पुढे झाले. दोन्ही दिवस लॅपटॉप तोच होता, बैठकही तीच होती, फरक फक्त कुठून दाबले याचा होता.

हे शेपूट हातानेही लावता येते. संस्थेचे खाते क्रमांक एकवर असेल, तर पत्ता असा होतो :

```
https://meet.google.com/abc-defg-hij?authuser=1
```

एवढे टंकायला हरकत नाही, पण हा क्रमांक प्रत्येकाच्या यंत्रावर निराळा असतो, हे लक्षात ठेवायला हवे. माझा एक म्हणजे तुमचा शून्य असू शकतो. म्हणून संयोजकाने शेपटासकट लिंक गटावर टाकली, तर चार जणांची अडचण सुटेल आणि दुसऱ्या चार जणांची नव्याने सुरू होईल. क्रमांकाऐवजी स्वतःचा संस्थेचा पूर्ण ई-मेल पत्ता लिहिला तरी चालते आणि ते जास्त भरवशाचे, पण तेही ज्याचे त्याने करायचे काम आहे.

खाते चुकले आहे, हे ओळखायची सोपी खूण मात्र पडद्यावर असते आणि तिच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. संस्थेच्या आतल्या माणसाला, नेहमीच्या सेटिंगमध्ये, बटण `Join now` असे दिसते. बाहेरच्याला, ज्याला निमंत्रण गेलेले नाही त्याला, ते `Ask to join` असे दिसते. तुम्ही संस्थेचे कर्मचारी असाल आणि तरी तुमच्यापुढे विनंती करण्याचे बटण आले असेल, तर ती विनंती पाठवायचीच नाही. तिथेच थांबून त्याच पानावर वर लिहिलेला ई-मेल पत्ता वाचायचा. तो घरचा असेल, तर त्याच्याजवळच `Switch account` असे लिहिलेले असते. ते दाबून संस्थेचे खाते निवडले, की बटण बदलते. इतके साधे आहे, पण घाईत माणूस चेहरा आणि केस पाहतो, पत्ता वाचत नाही. कॅमेऱ्याचे चित्र एवढे मोठे आणि पत्ता एवढा बारीक, तर आणखी काय होणार?

संयोजक ओळखीचा निघाला आणि ‘अहो, या आपल्याच मॅडम’ म्हणून त्याने आत घेतले, तरी गोष्ट मिटत नाही. बैठकीत त्या घरच्या नावाने बसतात. उपस्थितीच्या यादीत तेच नाव लागते आणि नंतर कार्यालयातला लिपिक ‘हे नाव कोणाचे?’ म्हणून विचारत फिरतो. बैठकीत कोणी अभ्यासक्रमाच्या मसुद्याची लिंक टाकली, की तीही त्याच शून्य क्रमांकाच्या खात्याने उघडायला जाते आणि समोर `You need access` असे येते. अभिप्रायाचा फॉर्म संस्थेपुरता मर्यादित असेल, तर तो सांगतो की हा फॉर्म मालकाच्या संस्थेतल्यांनाच पाहता येईल. मॅडम संस्थेतल्याच आहेत! मग त्या फाइलच्या मालकाला परवानगीची विनंती पाठवतात, मालक ती घरच्या जीमेलला देऊन टाकतो, आणि संस्थेचा अंतर्गत मसुदा कायमचा एका खासगी खात्यात उघडा राहतो. चुकीच्या दारातून एकदा आत घेतले, की पुढचे प्रत्येक दार असेच किलकिले करत जावे लागते. म्हणून आत घेण्याची ही दया संयोजकांनी शक्यतो दाखवू नये. ‘मॅडम, खाते बदलून या’ असे सांगणे कोरडे वाटले, तरी तेच बरे.

संस्थांनी आपल्याच खात्याचा हट्ट धरायला सुरुवात का केली, तेही पाहायला हवे. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग एकाएकी पडद्यावर आले आणि उघड्या लिंकमधून भलतेसलते लोक वर्गात घुसू लागले. तो प्रकार आधी झूमवर गाजला. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने झूमच्या वापराबाबत सावधगिरीच्या सूचनाही काढल्या. गुगल मीटवर बैठक तयार करण्याची सोय तोवर मुख्यतः संस्थांच्या खात्यांपुरती होती. मे २०२० पासून ती कोणाही गुगल खातेधारकाला फुकट मिळू लागली. म्हणजे एकीकडे संस्थांनी दारे लावून घेतली आणि दुसरीकडे त्याच सेवेसाठी घरचे खातेही चालू लागले.

पण दार लावण्याचेही प्रकार आहेत. बैठकीच्या पातळीवर यजमान ठरवतो, की कोणीही सरळ यावे, की संस्थेतल्यांनी आणि निमंत्रितांनी सरळ यावे आणि बाकीच्यांनी विचारावे, की फक्त निमंत्रितांनीच सरळ यावे. त्याच्या वर संस्थेच्या व्यवस्थापकाची, म्हणजे ज्याला सगळे ‘अ‍ॅडमिन’ म्हणतात त्याची पातळी असते. तो संपूर्ण संस्थेसाठी असे ठरवू शकतो, की आमच्या बैठकांना आमच्याच खात्यांनी यायचे. असे केले, की बाहेरच्या खात्यापुढे विनंतीचे बटणच येत नाही. सरळ `You can't join this video call` असे येते आणि विषय संपतो. अंतर्गत परीक्षेच्या बैठकीला हे योग्यच. पण अभ्यास मंडळावर दुसऱ्या विद्यापीठातले तज्ज्ञ असतात, उद्योगातला एखादा सदस्य असतो, कधी माजी विद्यार्थी असतो. त्यांना संस्थेचे खाते असणारच नाही. ते कितीही खाती बदलोत, दार उघडणार नाही. मॅडमची अडचण खाते बदलून सुटते, तज्ज्ञांची अ‍ॅडमिनने सेटिंग बदलल्याशिवाय सुटत नाही. दोघांच्या पडद्यावर नकारच आहे, म्हणून दोघांनाही गटावर एकच उपाय सांगितला जातो. तज्ज्ञ मग बिचारे पाऊण तास पासवर्ड आठवत बसतात.

आता लॅपटॉपच्या बाजूने काय करावे? वेळ नसेल, तर गुप्त खिडकी, म्हणजे इन्कॉग्निटो, उघडून लिंक तिथे चिकटवावी. त्या खिडकीला नेहमीच्या कुकी दिसत नाहीत, त्यामुळे घरचे खाते मध्ये येत नाही. पण तिथे संस्थेचा पासवर्ड पुन्हा टाकावा लागतो, दुहेरी पडताळणी असेल तर फोन जवळ लागतो, आणि कॅमेरा-मायक्रोफोनची परवानगीही नव्याने द्यावी लागते. खिडकी बंद केली, की सगळे पुसले जाते. अडल्या वेळी ठीक, रोजचा मार्ग नव्हे. सर्व खात्यांतून बाहेर पडून आधी संस्थेचे आणि मग घरचे खाते उघडले, तर क्रमांक उलटे होतात, हा उपाय पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. पण त्याने अडचण फक्त दुसऱ्या बाजूला सरकते. आता मुलीच्या शाळेची बैठक संस्थेच्या खात्याने उघडायला जाईल आणि घरचे फोटो संस्थेच्या साठवणुकीत चढवले जातील.

खरा उपाय ब्राउझरचे स्वतंत्र प्रोफाइल हा आहे. क्रोममध्ये वर उजवीकडे गोल चित्रे दोन असतात आणि सगळा घोळ या दोन गोलांत आहे. पानाच्या आतला गोल गुगलच्या खात्याचा. त्याच्या वर, पत्त्याच्या पट्टीशेजारचा गोल ब्राउझरच्या प्रोफाइलचा. आतल्या गोलातून खाते जोडले, तर ते त्याच सामाईक डब्यात जाते आणि क्रमांकांचा खेळ सुरू होतो. वरच्या गोलातून नवे प्रोफाइल तयार केले आणि त्यात फक्त संस्थेचे खाते उघडले, तर त्या प्रोफाइलच्या कुकी, पासवर्ड, इतिहास, सगळेच वेगळे राहते. तिथे शून्य क्रमांकावर संस्थाच असते, कारण दुसरे कोणी नसतेच. त्याला वेगळा रंग द्यावा, म्हणजे कोणत्या खिडकीत बसलो आहोत ते न वाचता कळते. संस्थेचे खाते घालताना क्रोम विचारतो, की हे प्रोफाइल संस्थेच्या नियंत्रणाखाली राहील, चालेल का. ते वाचूनच होकार द्यावा. घरच्या प्रोफाइलला हा होकार देऊन बसलात, तर तुमच्या घरगुती ब्राउझरवर संस्थेचे नियम लागू होऊ शकतात.

यातही एक खोच आहे. लॅपटॉपवरच्या व्हॉट्सअ‍ॅप अ‍ॅपमधून लिंक दाबली, की ती शेवटी वापरलेल्या प्रोफाइलच्या खिडकीत उघडते. आत्ताच मुलीसाठी घरच्या खिडकीत काही शोधले असेल, तर बैठकही तिथेच उघडेल. म्हणून संस्थेची लिंक दाबण्याऐवजी नक्कल करून संस्थेच्या रंगाच्या खिडकीत चिकटवण्याची सवय लावून घ्यावी. आणखी एक, प्रोफाइल म्हणजे कुलूप नव्हे. लॅपटॉप घरात सगळे वापरत असतील, तर संस्थेचे प्रोफाइल कोणीही उघडू शकते. त्यासाठी संगणकावरच वेगवेगळे वापरकर्ते करावे लागतात.

मायक्रोसॉफ्टच्या टीम्समध्येही हाच पेच आहे, पण तिथे निदान बऱ्याचदा `Pick an account` असे म्हणून उघडी असलेली खाती समोर ठेवली जातात. तिथे घरचे खाते निवडले, तर `AADSTS50020` अशा क्रमांकाची चूक दाखवून हे खाते त्या संस्थेच्या यादीत नाही असे सांगितले जाते. भाषा रुक्ष आहे, पण कारण खरे सांगते. झूममध्ये यजमानाने ‘फक्त ओळख पटलेल्यांना प्रवेश’ ठेवला, तर खाते बदलून या असे स्पष्ट सांगण्याची सोय आहे. मीटचा `Ask to join` मात्र चुकीच्या खात्याला चूक म्हणत नाही. तो विनम्रपणे विनंती पाठवू देतो आणि नकार दुसऱ्याच्या हातून मिळवून देतो. सभ्यपणा आहे खरा, पण खाते कोणते पुढे केले हे एका मोठ्या ओळीत सांगितले असते, तर गटावरचे निम्मे संदेश वाचले असते.

ते कधी होईल, ते गुगल जाणे. तोवर संयोजकांना आमची विनंती छोटी आहे. लिंक टाकताना खाली एक ओळ लिहा : ‘संस्थेच्या ई-मेल खात्यातूनच या; बाहेरच्या सदस्यांना त्यांच्या पत्त्यावर वेगळे निमंत्रण पाठवले आहे.’ आणि दुसरे अर्धे वाक्य लिहिण्यापूर्वी ते निमंत्रण खरोखर पाठवा, आणि बाहेरची खाती येऊ शकतात ना, हे अ‍ॅडमिनला आदल्या दिवशी विचारा.